लग्नासाठी मुंबईहून ३५-४० जण दोन बॅचमध्ये विमानाने जाणार आहोत. ग्रुप रेटसाठी ट्रॅव्हल एजंटला ईमेल कसा लिहायचा?

"एकूण ३२ माणसं, मुंबई-नागपूर, दोन बॅच, जाऊन-येऊन, बेस्ट रेट कळवा." एवढंच लिहून मेल पाठवू नका. आमच्या घरातून फेब्रुवारी २०२४ च्या लग्नासाठी नेमका हाच मेल गेला होता, आणि त्याच्यापायी मी सख्ख्या पुतण्याच्या हळदीला नव्हतो.

मेल लिहिला नवरदेवाच्या मामांनी, म्हणजे वहिनींच्या भावाने. मी म्हटलं होतं, आधी कागदावर माणसं मांडू. त्यावर, "अहो, एजंट कशाला आहे मग? तो बघेल." एजंट दादरचा, जुना, माणूस सरळ. पण त्याला जे सांगाल तेच तो एअरलाइनकडे पाठवणार. आमची पहिली बॅच गुरुवारी सकाळी २२ जणांची, दुसरी शुक्रवारी संध्याकाळी १० जणांची. परतीला रविवारी सगळे एकाच विमानाने.

आता ग्रुप म्हणजे साधारणपणे किमान १० सीट, आणि त्याही एकाच फ्लाइटवर. दोन बॅच मिळून ३२ होतात याला काही अर्थ नसतो, प्रत्येक बॅच आपल्या पायावर किमान दहाची उभी राहावी लागते. आमच्या दुसऱ्या बॅचमधल्या दहांत काकूंची नात होती, १४ महिन्यांची. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, त्याला सीट नाही, म्हणून ते मोजणीत धरत नाहीत. म्हणजे सीट ९. एजंटचं उत्तर आलं की दुसऱ्या बॅचला ग्रुप रेट लागणार नाही. साध्या भाड्यात ९ तिकिटं काढून देतो, पण नावं आत्ताच द्या, नंतर बदलणार नाहीत.

नावं आत्ता कुठून देणार? त्या बॅचमध्ये कोणाला रजा मिळेल याचा पत्ता नव्हता. ग्रुप बुकिंगचा खरा फायदा तर तोच. आधी सीट धरायच्या, थोडी रक्कम भरायची आणि नावं ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायची. मग कोणीतरी एकाने पहिल्या बॅचमधून दुसरीत यायचं ठरलं. "तुम्हाला काय, तुमचं ऑफिस इथेच आहे," असं मामा म्हणाले. पहिल्यात २१, दुसऱ्यात १० सीट. शुक्रवारी सकाळी नागपुरात हळद लागत होती तेव्हा मी विलेपार्ल्याच्या घरी एकटा चहा करून पीत होतो.

तिथेच परतीच्या तिकिटांचा प्रिंट काढून नावं मोजत बसलो. ३१ सीट, ३२ माणसं, बाळ मांडीवर, हिशोब बरोबर. तेवढ्यात बायकोचा फोन, मागे सनईचा आवाज, आणि ती विचारते, "अहो, नवरीचं तिकीट काढलंय ना?"

नव्हतं. पाठराखणीचंही नव्हतं. मामांनी जाणारी माणसं मोजली आणि तोच आकडा परतीला लावला. वरात परत येताना वाढते, हे लहान पोरालाही कळतं. त्याच विमानाला दोन सीट मिळाल्या, पण आमचा ग्रुप रेट ५,१५० असताना त्या प्रत्येकी ९,४०० ला पडल्या. मामा अजून म्हणतात, दोनच सीटचा तर प्रश्न होता.

तेव्हा तुम्ही जाऊन-येऊन असा एक आकडा मागू नका. एकेरी तीन कोटेशन मागा, जाण्याची दोन आणि परतीचं एक. म्हणजे परतीचा आकडा वेगळा लिहावाच लागतो. मी लिहिला असता तो मेल असा:

"BOM-NAG, पहिली बॅच, गुरुवार सकाळ, २१ सीट. BOM-NAG, दुसरी बॅच, शुक्रवार संध्याकाळ, १० सीट आणि १ तान्हं मूल. NAG-BOM, रविवार संध्याकाळ, नवरी आणि पाठराखीण धरून ३३ सीट आणि तेच मूल. वेळ दोन तास मागेपुढे चालेल, तारीख बदलणार नाही. प्रत्येकाचं वेगळं कोटेशन हवं, जीएसटी आणि तुमचा चार्ज धरून एका सीटचं. रेट किती वेळ टिकेल, आगाऊ किती भरायचे, नावं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, तोवर किती सीट कमी केल्या तर पैसे बुडणार नाहीत, आणि दुसरी बॅच दहाच्या खाली गेली तर काय होईल, तेही लिहा."

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. दहाच सीट असलेल्या बॅचमधला एक जण आजारी पडला की ती मोडते, म्हणून जमलं तर त्या बॅचमध्ये १२-१३ ठेवा. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी घ्या.

आणि कोटेशन आलं की घरातले कोणीतरी मामा मोबाइल काढून म्हणणारच, "साइटवर तर ४,३०० दिसतंय!" दिसणारच, कारण प्रवासी १ टाकलाय. स्वस्त भाड्याच्या सीट मोजक्या असतात. एका वेळी जितक्या सीट मागाल तितक्या त्या भाड्यात उरल्या नसतील, तर सगळ्यांनाच वरचं भाडं लागतं. प्रवासी ९ टाकून बघायला सांगा, आवाज बंद होतो. आमच्याकडे नाही झाला, ते सोडा. तुकड्यातुकड्यांनी काढा म्हणाले, पण प्रत्येक तुकड्याबरोबर भाडं चढत गेलं असतं आणि नावं पहिल्याच दिवशी अडकली असती.

हे सगळं देशातल्या प्रवासाचं. दोन्ही बॅच दहाच्या आतल्या असतील तर एजंटला त्रास देऊ नका, सरळ स्वतः काढा. नियम एअरलाइनगणिक बदलतात, नाव बदलायचे पैसेही. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे BOM की NMI ते मेलमध्ये लिहा, नाहीतर अर्धी वरात उलव्याला आणि अर्धी सांताक्रूझला. मूल परतीच्या तारखेआधी दोन वर्षांचं होणार असेल तर येताना त्याला सीट घ्यावी लागेल. नवरीचं नाव ओळखपत्रावर असेल तेच, म्हणजे माहेरचंच. तुमच्याकडे लग्नात नाव बदलतात म्हणून तिकिटावर नवीन नाव टाकू नका.

सामानाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. साध्या तिकिटात बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो चेक-इन मिळतं, आणि येताना रुखवत असतो, म्हणून जादा वजनाचा दर परतीच्या कोटेशनमध्येच मागा. सुकं खोबरं मात्र बॅगेत भरू नका. त्यात तेल असतं, पेट घेणारा माल म्हणून बाहेर काढायला लावतात. आमच्या वहिनींच्या पिशवीतून खोबऱ्याच्या ११ वाट्या निघाल्या, आणि त्या भरायला सांगणारे कोण, हे मी लिहीत नाही.