कलाटणी वाचवून कथा ५०० शब्दांत कशी बसवायची?

प्रश्न: माझी कथा १,२०० शब्दांची आहे, स्पर्धेची मर्यादा ५००. प्रत्येक वाक्य तासत तासत ५३०पर्यंत आणलं, पण आता वाचणारे म्हणतात की कलाटणी कळतच नाही. आणखी काय कापू?

उत्तर: तासणं थांबवा. सगळीकडून सारखं तासलं की कलाटणीही तासली जाते, आणि ती तर कथेतली एकच जागा जिथे शब्द कमी पडून चालत नाही. कापताना माझीही कलाटणी हरवली होती, तेच सांगतो.

माझी कथा नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या वाटणीची होती, १,३१० शब्दांची. पुण्याहून आलेला थोरला आणि नागपुरातच राहिलेला धाकटा टेप घेऊन अंगण मोजतात. बाबांच्या कागदावर अंगण ४२ फूट आहे, म्हणजे मध्य २१ वर. आईने लावलेला पारिजातक थोरल्याच्या भिंतीपासून साडेएकवीस फुटांवर, म्हणजे अर्ध्या फुटाने धाकट्याच्या वाट्यात. टेपचं दुसरं टोक धरून धाकटा ओरडतो, "दादा, चव्वेचाळीस भरते." थोरल्याला आधी वाटतं, हा फसवतोय. मग लक्षात येतं की ४४ धरले तर मध्य २२ वर जातो, झाड आपल्याकडे येतं आणि तोटा होतो तो धाकट्याचा. इंचाइंचासाठी भांडायला आलेला थोरला म्हणतो, "बेचाळीस आहे. नीट वाच बे." इथे कथा संपते.

मी चार मोठे तुकडे उडवले. अजनीला उतरून ऑटोने घरी येणं (२४० शब्द), बाबांचं आजारपण (२२०), वकील (१८०) आणि सकाळचे तर्री पोहे (१७०). एकूण ८१०, म्हणजे कथा बरोबर ५०० वर. खूश होऊन एका मैत्रिणीला वाचायला दिली. तिने विचारलं, "धाकट्याला टेप वाचता येत नाही का?"

चूक पोह्यांच्या तुकड्यात होती. ठेल्यावर उभ्याने खाताना थोरला एकदाच बोलून जातो की आईचं झाड माझ्याकडे आलं असतं तर बरं झालं असतं. बाकीचा तुकडा नुसता रस्सा होता (मला फार आवडणारा, ते सोडा), पण कलाटणी या एका वाक्यावर उभी होती. ते गेल्यावर धाकट्याचं खोटं वाचणं म्हणजे नुसती गफलत झाली.

तेव्हापासून मी उलट्या दिशेने कापतो. मूळ फाइलची प्रत काढतो, कलाटणीचा परिच्छेद वेगळा ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. मग स्वतःला विचारतो, हा परिच्छेद समजायला वाचकाला आधी काय ठाऊक हवं? माझ्या कथेत तीनच गोष्टी निघाल्या: कागदावरचे ४२ फूट, झाडाची जागा आणि थोरल्याची इच्छा. त्या तीन गोष्टी ज्या वाक्यांत आहेत ती राहतात, उरलेल्या प्रत्येक वाक्याने आपली जागा कमवावी लागते. वकील तिन्हींपैकी काहीच सांगत नव्हता, म्हणून तो गेला ते बरोबरच होतं.

इच्छेचं वाक्य परत आणलं, पण मोजमापाच्या अगदी आधी ठेवलं नाही. तिथे ठेवलं की वाचकाला पुढचं आधीच कळतं. कथेच्या पहिल्या तृतीयांशात, वहिनी चहा आणते तिथे टाकलं. ("वहिनी" या एका शब्दात बोलणारा कोण आणि चहा आणणारी कोण, दोन्ही नाती कळतात. असे शब्द शोधा.) यात पंचवीस शब्द वाढले.

ते पंचवीस मात्र भाषेतून काढले. मराठीत क्रियापदच लिंग-वचन सांगतं, तेव्हा जिथे गोंधळ होत नाही तिथे "मी", "तो", "ती" गाळता येतात. प्रसंगात बाई एकच असेल तर "म्हणाली" पुरतं. "बोलायला सुरुवात केली"चं "बोलू लागला", "घराच्या समोर"चं "घरासमोर". शब्द जोडून मोजणीला फसवू नका, परीक्षकाला ते लगेच दिसतं. ही सफाई कलाटणीच्या परिच्छेदात करू नका. माझा तो परिच्छेद शेवटी १४० शब्दांचा राहिला, म्हणजे कथेच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त.

तुमच्या ५३० शब्दांत ती जागा किती आहे ते आधी मोजा. तिथे "त्याला सगळं उमगलं" असं एखादं वाक्य सापडलं तर समजा की प्रसंगाचा गोषवारा झालाय. जुन्या मसुद्यातला तो प्रसंग जसाच्या तसा परत आणा, शब्द ६५० झाले तरी चालेल, आणि मग त्याच्या आधीचं कापा. नवा मसुदा मात्र लांब कथा वाचलेल्या कुणाला देऊ नका. त्यांच्या डोक्यात गाळलेलं सगळं असतं, त्यामुळे भोकं दिसत नाहीत. नव्या माणसाला द्या आणि "आवडली का" असं विचारू नका. "धाकट्याने असं का केलं?" असं, तुमच्या पात्राबद्दल विचारा.