प्रशिक्षणाच्या डेटामधील चुकीची लेबले कशी शोधावीत?

प्रश्न: हस्तलिखित देवनागरी अक्षरांच्या माझ्या डेटात काही लेबले चुकीची आहेत. प्रशिक्षणात अचूकता ९९ टक्के येते, नव्या अक्षरांवर मात्र घसरते. काय करावे?

उत्तर: मोठे न्यूरल नेटवर्क आधी बहुसंख्य नमुन्यांत दिसणारा नियम शिकते आणि पुढच्या फेऱ्यांत उरलेली विसंगत उदाहरणे एकेक करून पाठ करते; त्यामुळे ‘ध’च्या चित्रावर ‘घ’ असे लेबल असेल, तर ते पाठ करताना या दोन अक्षरांमधील सीमारेषाच वाकडी होते. म्हणून ज्या मॉडेलने ते चित्र पाहिले आहे, त्याला त्याच्या लेबलाविषयी विचारण्यात अर्थ नाही.

डेटाचे पाच भाग करा आणि प्रत्येक भागाचे भाकीत उरलेल्या चार भागांवर शिकवलेल्या मॉडेलकडून घ्या. ‘ध’ लेबलाच्या चित्रांना ‘ध’साठी मिळालेल्या संभाव्यतेची सरासरी, समजा, ०.८५ आली, तर ‘घ’ लेबल असलेले, पण ‘ध’साठी ०.९३ मिळवणारे चित्र संशयित ठरते. ते लगेच वगळू नका, डोळ्यांनी तपासा, कारण अवघड पण योग्य लेबल असलेली अक्षरेही या यादीत येतात आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची असतात.

सगळे तपासणे शक्य नसेल, तर हाताने पडताळलेला छोटा संच बाजूला ठेवून त्यावरील चूक वाढू लागताच प्रशिक्षण थांबवा. मात्र एखाद्या लेबलकाराने ‘ध’ला सातत्याने ‘घ’ म्हटले असेल, तर मॉडेल तोच नियम शिकते आणि पाच भागांची ही तपासणी गप्प राहते. तेव्हा काही नमुने दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे लेबल करून घ्यावे लागतात.