ऋतुजाताईच्या पत्रिकेचं प्रूफ कसं तपासायचं

«आई, मावशीने ऋतुजाताईच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ मला पाठवलंय, "एकदा नजर टाक" म्हणून. मला वाचता येतंय, पण चि., सौ. कां., कै., शके, कृष्ण द्वादशी यातलं बरोबर काय आणि चूक काय हे कशावरून ओळखू?»

प्रिय सई,

प्रूफ पाहिलं. मुख्य मजकूर जसा आलाय तसाच इथे उतरवते. आडनावं आणि आईवडिलांची नावं तेवढी गाळते, कारण ती तुला मावशीकडूनच ताडून घ्यायची आहेत.

॥ श्री. गणेशाय नमः ॥
आमचे येथे श्रीकृपेकरुन आमची जेष्ठ कन्या सौ. का. ऋतुजा हिचा शुभविवाह श्री. व सौ. … यांचा जेष्ठ चिरंजीव चि. अनिरुध्द यांच्याशी मिती फाल्गुन कृ. १२ शके १९४८ शनिवार दि. १४/२/२०२६ रोजी सकाळी १२.१७ वाजता या शुभमुहुर्तावर करण्याचे योजिला आहे. तरी आपण सहकुटूंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशिर्वाद द्यावा ही विनंती.

सुरुवात तारखेपासून कर. शुद्धलेखनाची चूक लोक पोटात घालतात, पण तिथी-वार-तारीख एकमेकांशी जुळत नसतील तर मावशीला दिवसभर फोन येत राहतील. आधी वार बघ. १४ फेब्रुवारी २०२६ ला शनिवारच आहे, तेवढं बरोबर आहे. मग शके. शालिवाहन शक गुढीपाडव्याला बदलतो, एक जानेवारीला नाही. पाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा करायचे, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे फेब्रुवारीतल्या लग्नाला शके १९४७ च हवं. प्रूफमध्ये कुणीतरी सरसकट ७८ वजा केलेत. जानेवारी ते मार्चमधल्या लग्नांच्या पत्रिकांत ही चूक फार होते.

आता महिना. "फाल्गुन कृष्ण" हे उत्तरेकडच्या पंचांगातून आलंय. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं, पण वद्य पक्षात ते एका महिन्याने पुढे असतात. त्यांचा फाल्गुन कृष्ण म्हणजे आपला माघ वद्य. पडताळायचं असेल तर महाशिवरात्र बघ. ती आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशीला येते आणि २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला आहे, म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. मग आदल्या दिवशी फाल्गुन कुठून असेल? मराठी पत्रिकेत पक्षही "शुद्ध" किंवा "वद्य" असा लिहावा. शुक्ल-कृष्ण चूक नाही, पण आपल्या घरातल्या पत्रिका शुद्ध-वद्य वापरत आल्या आहेत, तेच असू दे.

तिथी पडताळताना एक सांभाळ. पंचांगाची संकेतस्थळं तू जिथे बसली आहेस ते गाव आपोआप धरतात. तू न्यू जर्सीत बसून १४ फेब्रुवारी उघडलीस तर तुला त्रयोदशी दिसेल आणि तू बरोबर असलेली द्वादशी खोडशील. दिवसाची तिथी सूर्योदयाला असते ती. १४ तारखेची द्वादशी भारतात दुपारी चारच्या सुमारास संपते, तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, सूर्य उगवायचा असतो. म्हणून इथे तो दिवस त्रयोदशीचा धरला जातो. लग्न नाशिकला आहे, तर शहर नाशिक निवड आणि मगच बघ. शेवटचा शब्द मात्र गुरुजींनी लिहून दिलेल्या चिठ्ठीचा. मावशीकडून तिचा फोटो मागव आणि प्रूफ त्याच्याशी ताडून पाहा. मुहूर्ताचे आकडे तर त्या चिठ्ठीशिवाय तपासताच येणार नाहीत.

१४/२/२०२६ असं तिरक्या रेघांनी लिहिणं मला पत्रिकेत पटत नाही. इथल्या नातेवाइकांना महिना आधी वाचायची सवय असते. या तारखेत १४ वा महिना नसल्यामुळे निभावेल, पण ५/३ असतं तर घोळ झाला असता. महिना अक्षरांतच लिहायला सांग. वेळेत दोन दोष आहेत. दुपारी बारानंतर "सकाळी" चालत नाही. आणि "१२.१७ वाजता या शुभमुहूर्तावर" हे वाक्य जोडलेलं दिसतं, "दुपारी १२ वा. १७ मि. या शुभमुहूर्तावर" असं हवं. सगळे आकडे देवनागरीतच ठेवायचे. छपाईत १ आणि ९ यांची गल्लत होते, म्हणून आकडे दुसऱ्या कुणाला तरी एकेक करून मोठ्याने वाचून दाखव.

आता नावांआधीची अक्षरं. लग्न ठरलेल्या मुलीला "चि. सौ. कां." लावतात, म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. "कां" वरचा अनुस्वार कांक्षिणीतला आहे, तो गेला की ते अक्षर कशाचं हेच कळत नाही. प्रूफमध्ये तो गेलाय आणि "चि." सुद्धा. नुसतं "सौ." लग्नानंतर. "कु." आणि "सौ. कां." एकत्र लावायचं नाही, "कु." पत्रिकेच्या तळाशी येणाऱ्या अविवाहित बहिणींसाठी. "चि." थोरांनी धाकट्यांना लावायचं असतं. पत्रिका आईवडील काढतात म्हणून ते मुलाला आणि मुलीला दोघांनाही शोभतं.

टिंबाचाही अर्थ असतो. माणसाच्या नावाआधी "श्री." हे श्रीयुतचं संक्षिप्त रूप, म्हणून टिंब. देवाच्या नावाआधी "श्री" हा पूर्ण शब्द, तिथे टिंब नाही. त्यामुळे सगळ्यात वरची ओळच चुकली आहे. "श्रीमती" पूर्ण शब्द आहे, टिंब नको, आणि ती दीर्घ. पदवी असेल तर "डॉ." पुरे, "श्री. डॉ." नको.

"कै." हे सगळ्यात जपून तपास. ते कैलासवासीचं, हयात नसलेल्या माणसासाठी. तुझे पणजोबा नाहीत, त्यांच्या नावाआधी ते हवंच. पण तयार मजकुरात नावं भरताना ते चुकून पुढच्या ओळीत सरकतं आणि हयात माणसाच्या नावावर बसतं. याहून वाईट चूक पत्रिकेत नाही. पणजीआजी हयात आहे, म्हणजे "कै. … व श्रीमती … यांची पणती" असं जमेल, "श्री. व सौ." ची जोडी तिथे बसत नाही. काही घरांत "गं. भा." लिहितात. पणजीआजीला स्वतःला काय आवडेल ते मावशीला विचारायला सांग आणि तेच छापा. माझं मत "श्रीमती" ला आहे.

वाक्याचं व्याकरण पुढचं. पत्रिकेचा मजकूर हे एकच लांब वाक्य असतं, आणि त्यात पहिल्या शब्दाची शेवटच्याशी जुळवणी चुकते. "विवाह योजिला आहे" किंवा "विवाह करण्याचे योजिले आहे", दोन्ही बरोबर. प्रूफमध्ये अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं झालंय. मुलाकडच्यांसाठी "यांचा" ऐवजी आदरार्थी "यांचे" हवं, आणि पुढे लगेच "चि." आहे म्हणून "चिरंजीव" दोनदा येऊ नये, "सुपुत्र" घ्यावं. ऋतुजाला "हिचा" बरोबर, ती आपली लेक. "आशीर्वाद" अनेक म्हणून "द्यावेत".

आणि "आमची कन्या" लिहिलंय तर खाली निमंत्रक म्हणून फक्त ऋतुजाच्या आईवडिलांची नावं हवीत. प्रूफमध्ये तिथे दोन काकाही आहेत. वाचणाऱ्याला ती सगळ्यांचीच कन्या वाटेल. काकांची नावं "स्वागतोत्सुक" या वेगळ्या मथळ्याखाली घ्या.

शुद्धलेखनात इथे चुकलेले शब्द असे दुरुस्त कर: श्रीकृपेकरून, ज्येष्ठ, मुहूर्त, सहकुटुंब, शुभाशीर्वाद. अनिरुद्धमध्ये आधी द, मग ध. "ध्द" असं उलटं जोडाक्षर टायपिंगमध्ये नेहमी होतं, "शुद्ध" मध्येही. माणसांच्या नावांना मात्र हे नियम लावू नकोस. कुणी दत्तात्रय लिहितात, कुणी दत्तात्रेय. ते स्वतः लिहितात तेच छापायचं. मुलाकडची नावं त्यांच्याच घरून लिखित मागवा, फोनवर ऐकून नकोत.

दुरुस्त मजकूर असा होईल:

॥ श्री गणेशाय नमः ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ऋतुजा हिचा शुभविवाह श्री. व सौ. … यांचे ज्येष्ठ सुपुत्र चि. अनिरुद्ध यांच्याशी मिती माघ वद्य १२, शके १९४७, शनिवार, दि. १४ फेब्रुवारी २०२६ रोजी दुपारी १२ वा. १७ मि. या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.

"आमचे येथे" जुन्या धाटणीचं आहे, आज बोलताना आपण "आमच्या येथे" म्हणू. पण ते चुकीचं नाही, पत्रिकेत ते छान दिसतं, बदलू नकोस.

हे मावशीला पाठवशील तेव्हा मजकूर म्हणून पाठव आणि सोबत त्याचा फोटोही. छापखान्यात पुष्कळदा युनिकोड नसलेला फाँट असतो, तुझा मजकूर तिथे तसाच उतरत नाही, कुणीतरी तो पुन्हा टाइप करतं. त्यात रफार आणि अनुस्वार सगळ्यात आधी पडतात: "मुहूर्त", "आशीर्वाद", "कां." हे तीन शब्द दुसऱ्या प्रूफात पहिल्यांदा बघ. "चि. सौ. कां." ओळीच्या शेवटी आणि "ऋतुजा" पुढच्या ओळीत, असं तुटलं असेल तर जोडायला सांग. दुसरं प्रूफ फक्त दुरुस्त्यांपुरतं न बघता अथपासून इतिपर्यंत वाच. एक ओळ सुधारताना शेजारची बिघडते. मावशीला सांग, छापायला "हो" म्हणण्याआधी ते मुलाकडच्यांनाही एकदा दाखव.

तुझी,
आई