गटात न बसणाऱ्या मुलासाठी चित्रांचं वेळापत्रक कसं वापरावं?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात एका मुलात स्वमग्नतेची लक्षणं दिसतात, तपासणी अजून झालेली नाही. वाचतो छान, एकटा असला की गणितं पटापट करतो. पण गट केले की उठून दाराशी जातो, कान झाकतो, धरून बसवलं तर रडतो. दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, तरी फरक नाही. काय करू?

मॅडम, भिंतीवरचं वेळापत्रक त्याला एवढंच सांगतं की परिपाठ झाला, भाषा झाली, आता गणित. गणिताच्या तासात गट केल्यावर काय काय होणार, हे त्यावर कुठेच नाही, आणि तो अडतो नेमका तिथे. वहीतली पाच गणितं त्याला डोळ्यांना दिसतात. पाचवं झालं की काम संपलं. गटात आपलं काम कोणतं, पाळी कधी, किती वेळ बसायचं, हे बाकीची मुलं एकमेकांच्या बोलण्यावरून आणि चेहऱ्यावरून ओळखतात. त्याला ते तिथून उमगत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर आणि सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘टीच’ या कार्यक्रमात अशा मुलासमोर ठेवलेल्या प्रत्येक कामाने चार प्रश्नांची उत्तरं डोळ्यांना दाखवावीत असं मानतात: काम कोणतं, किती, संपलं हे कशावरून कळणार, आणि नंतर काय. मी विशेष शिक्षक म्हणून गटकार्याची तयारी याच चार प्रश्नांवरून करते.

तिसरीतलं लांबी मोजण्याचं काम घेऊ. चौघांच्या गटाने दार, टेबल, खिडकी आणि फळा मोजायचा आहे. दोघं टेपची दोन टोकं धरतील, तिसरी मुलगी वस्तूची कड जिथे येते तिथे टेपवर बोट ठेवेल. बोटाखालचा आकडा वाचून तक्त्यात लिहायचं काम तुमच्या मुलाचं. तो वाचतो, म्हणून हे त्याच्या हातातलं आहे. इतरांनी टेप धरल्याशिवाय त्याला आकडा मिळत नाही आणि त्याच्याशिवाय गटाचा तक्ता भरत नाही, त्यामुळे एकत्र काम करायचं कारण कामातच येतं. आकडा ओरडून सांगायला मात्र लावू नका, गोंगाटात ऐकणं त्याला जड जाईल.

आता त्याची पट्टी. पुठ्ठ्याची, वीतभर लांबीची, त्याच्या मांडीजवळ राहील अशी. त्यावर वेलक्रोने सहा कार्डं: ‘सतरंजीवर बस’, ‘दार: आकडा लिही’, ‘टेबल: आकडा लिही’, ‘खिडकी: आकडा लिही’, ‘फळा: आकडा लिही’, ‘तक्ता बाईंना दे’. सर्वांत खाली, थोडं वेगळं, त्याच्या आवडीचं काहीतरी. समजा, नकाशाचं पुस्तक. एक काम झालं की कार्ड काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकायचं. उरलेली कार्डं म्हणजे उरलेलं काम, हे न सांगता दिसतं. वाचणाऱ्या मुलाला शब्द पुरतात, शेजारी छोटं रेखाचित्र चालेल. न वाचणाऱ्यासाठी तुमच्याच वर्गातल्या दाराचा, टेबलाचा फोटो लावा. भलत्याच दाराचं चित्र म्हणजे आपलं दार, हे सगळ्या मुलांना कळेलच असं नाही.

पहिल्याच दिवशी सहाही कार्डं मागू नका. आधी शांत वेळी, एकाच मित्राबरोबर, हीच पट्टी आणि हाच टेप वापरून घ्या. गटात आणताना शेवटाकडून सुरुवात करा: गटाने तीन वस्तू मोजून ठेवायच्या, त्याने फक्त फळ्याचा आकडा लिहायचा, तक्ता द्यायचा आणि पुस्तक घ्यायचं. त्या दिवशीच्या पट्टीवर तेवढीच कार्डं. मग खिडकीपासून, मग टेबलापासून. म्हणजे गटातली त्याची प्रत्येक बैठक काम पुरं होऊनच संपते. मुलं वाढवायची असतील त्या दिवशी वेळ वाढवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. इतरांनी भूमिका बदलल्या तरी त्याची भूमिका काही आठवडे तीच राहू द्या.

पट्टी बहुतेक वेळा मोठ्यांमुळेच निकामी होते. मूल लवकर मोकळं झालं की ‘छान! आता बाकसुद्धा मोज’ असं तोंडातून जातं. पाकिटात शेवटचं कार्ड पडलं की काम संपलं, हा त्या पट्टीचा शब्द आहे. तो एकदा मोडला की पुढच्या वेळी पट्टीवर त्याचा भरवसा राहत नाही. दंगा केला म्हणून खालचं पुस्तक काढून घेतलं, तरी तेच होतं. दुसरी अडचण तोंडी सूचनांची. ‘कार्ड बघ, कार्ड बघ’ म्हणत राहिलं की मूल कार्डाऐवजी तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतं. मागे उभं राहून, न बोलता, बोटाने कार्ड दाखवा आणि हात मागे घ्या.

दाराशी जाणं बंद करू नका, त्याला मागायची रीत द्या. ‘थोडं बाहेर’ असं एक कार्ड पट्टीच्या कडेला कायम असू द्या. ते त्याने दिलं की लगेच जाऊ द्यायचं, दाराशी दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, वाळू संपली की परत त्याच कार्डावर. सुरुवातीला तो ते सारखं देईल. जाऊ द्या. पहिले काही दिवस नकार मिळाला तर तो पुन्हा न मागता पळेल. आवाज करणारा टायमर टाळा, त्याची घंटाच त्याला त्रास देऊ शकते.

कान झाकण्यावर मात्र कार्डाचा इलाज नाही. त्याचा गट भिंतीच्या कोपऱ्यात किंवा व्हरांड्यात बसवा, आणि तरीही कान झाकत असेल तर त्या तासाला कमी गट एकत्र बोलतील असं बघा.

ऐनवेळी फळ्याऐवजी कपाट मोजायचं ठरलं तर? त्यासाठी वेगळ्या रंगाचं ‘बदल’ कार्ड. त्याची ओळख सुखाच्या बदलातून करून द्या, जसं लेखनाऐवजी आज मैदान. नकोसा बदल त्यानंतर.

उपयोग होतोय का हे बघायला प्रत्येक कार्डापुढे एक खूण करा: आपणहून केलं, बोट दाखवल्यावर केलं, की हात धरून केलं. आपणहूनच्या खुणा वाढत असतील तर पुढची पायरी घ्या. रोज एकाच कार्डावर गाडी अडत असेल तर ते काम बदला किंवा दोन कार्डांत तोडा. पट्टी काढून घ्यायची घाई नको. पुढे ती वहीतल्या चार ओळींची यादी होऊ शकते.

हे सगळं उद्यापासून करता येतं, त्याला प्रमाणपत्र लागत नाही. तपासणीसाठी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला आणि पालकांना सोबत घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे पुढच्या सवलतींसाठी निदान उपयोगी पडतं. गटातल्या मुलांना स्वमग्नतेचं नाव सांगू नका. ‘त्याला लिहिलेलं लवकर कळतं, अडला तर बोलू नका, कार्डावर बोट ठेवा’ एवढं सांगा, आणि हे काम एकाच हुशार मुलीच्या गळ्यात न टाकता बाकीच्या तिघांत फिरवा.