एकच GAG, आणि म्युटेशनचे चारही प्रकार

*प्रश्न: मी तिसऱ्या वर्षात शिकते. मला जेनेटिक लॅबमध्ये व्हेरियंट अ‍ॅनालिसिसचं काम करायचं आहे. एका इंटर्नशिपच्या मुलाखतीत छोटा सीक्वेन्स देऊन म्युटेशनचा प्रकार आणि परिणाम विचारला. सायलेंट, मिसेन्स, नॉनसेन्स, फ्रेमशिफ्ट या व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी दोन उत्तरं चुकली. सराव कसा करू? आणि हे जमत नसेल तर क्षेत्र बदलावं का?*

क्षेत्र बदलायचा विचार सध्या बाजूला ठेव. तुझ्या व्याख्या पक्क्या आहेत, गडबड पुढे होते आहे. प्रकार कोणता आणि परिणाम काय, या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक विद्यार्थी एकाच दमात देतात. प्रकार कोडॉनच्या तक्त्यावरून ठरतो. परिणामासाठी प्रोटीनमध्ये त्या जागेचं काम काय, हे माहीत असावं लागतं. लॅबमध्येही या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवतात.

सरावाला बनावट सीक्वेन्स घेऊ नकोस, खरा जीन घे. मी माणसाचा बीटा ग्लोबिन घेतो, कारण त्यातल्या एकाच कोडॉनवर तुझे चारही प्रकार बसतात. कोडिंग भागाची सुरुवात अशी आहे:

```
ATG GTG CAT CTG ACT CCT GAG GAG AAG TCT GCC GTT
ACT GCC CTG TGG GGC AAG GTG AAC GTG ...
```

पहिल्या ATG मधल्या A ला 1 क्रमांक दे आणि मोजत जा. सातवा कोडॉन GAG, म्हणजे अक्षरं 19, 20 आणि 21. त्यातून ग्लुटामिक अ‍ॅसिड येतं. जुन्या पुस्तकांत हाच कोडॉन सहावा म्हणून सापडेल, कारण सुरुवातीचं मेथिओनिन प्रोटीनमधून नंतर कापलं जातं आणि पूर्वी ते मोजत नसत. मुलाखतीत आकडा सांगताना कुठून मोजलंस तेही सांग. दिलेला धागा कोडिंग आहे की टेम्प्लेट, हेही आधीच विचारून घे. टेम्प्लेट असेल तर पूरक धागा लिहून, दिशा नीट लावूनच वाचायला बसायचं.

आता बदल. 21 व्या जागी G चा A झाला तर GAA होतं. तेही ग्लुटामिक अ‍ॅसिडच, म्हणून सायलेंट. 19 व्या जागी G चा T झाला तर TAG, म्हणजे स्टॉप. प्रोटीन सहा अमिनो अ‍ॅसिडवरच थांबतं, म्हणून नॉनसेन्स. 20 व्या जागी A चा T झाला तर GTG, म्हणजे व्हॅलिन, म्हणून मिसेन्स. या शेवटच्या बदलाची नोंद c.20A>T, प्रोटीनच्या भाषेत p.Glu7Val अशी करतात. सिकल सेलचा बदल तो हाच.

चौथ्या प्रकारात मात्र मुलं हमखास अडकतात, आणि तुझं एक उत्तर इथेच गेलं असावं असा माझा अंदाज आहे. 20 व्या जागचा A बदलला नाही, गळूनच गेला असं समज. सातवा कोडॉन आता GGG दिसतो. घाईत नजर तिथेच थांबते, ‘ग्लुटामिक अ‍ॅसिडचं ग्लायसिन झालं’ असं मनात येतं आणि हात मिसेन्स लिहून मोकळा होतो. पण GGG मधलं तिसरं G आलं कुठून? पुढच्या कोडॉनमधून उसनं घेतलंय. तिथून पुढचा प्रत्येक कोडॉन एका अक्षराने सरकला:

```
ATG GTG CAT CTG ACT CCT GGG AGA AGT CTG CCG TTA
CTG CCC TGT GGG GCA AGG TGA
```

एकोणिसाव्या कोडॉनवर TGA आला आणि वाचन संपलं. पूर्ण साखळी मेथिओनिन धरून 147 अमिनो अ‍ॅसिडची असते. इथे 18 झाली, आणि त्यातली सातव्यापासूनची सगळी दुसऱ्याच वाचनातून आलेली. याची नोंद p.Glu7GlyfsTer13 अशी होते. ग्लायसिनला एक धरून मोजलं तर तेराव्या जागी स्टॉप येतो. हा बदलही खरा आहे, त्यातून बीटा थॅलेसेमिया होतो.

म्हणून सवय अशी लाव: आधी मूळ आणि बदललेल्या सीक्वेन्सची लांबी मोज. लांबी तीच असेल आणि एकच अक्षर बदललं असेल, तर फक्त तो एक कोडॉन तपास. लांबी बदलली असेल तर फरकाला तीनने भाग जातो का बघ. जात नसेल तर फ्रेमशिफ्ट, आणि मग नवा स्टॉप भेटेपर्यंत लिहीत राहायचं, मध्ये पेन उचलायचं नाही. भाग जात असेल तर फ्रेम शाबूत राहते. एखादं अमिनो अ‍ॅसिड कमी-जास्त होतं, त्याला फ्रेमशिफ्ट म्हणत नाहीत.

परिणामाकडे येऊ. ग्लुटामिक अ‍ॅसिडवर ऋण भार असतो आणि ही जागा प्रोटीनच्या पृष्ठभागावर आहे. तिथे पाण्यापासून दूर राहू पाहणारं व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात आणि लाल पेशीचा आकार बिघडतो. आता याच कोडॉनचं पहिलं अक्षर बदलून AAG कर. लायसिन येतं, हिमोग्लोबिन सी तयार होतं. हेही मिसेन्स, जागाही तीच, पण दोन्ही प्रती अशा असल्या तरी आजार सिकल सेलपेक्षा बराच सौम्य. ‘मिसेन्स म्हणजे मध्यम परिणाम’ असलं उत्तर देणाऱ्याला परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच. शिवाय बदल एका प्रतीत आहे की दोन्ही, हे दिलेल्या सीक्वेन्सच्या तुकड्यावरून कळत नाही. ते परीक्षकाला विचारून घे.

सायलेंटवरही डोळे मिटून विश्वास नको. याच जीनमध्ये, जुन्या मोजणीने 24 व्या कोडॉनवर, GGT चा GGA झालेला आढळतो. दोन्ही ग्लायसिन. तक्ता म्हणतो काही झालं नाही, पण त्या बदलामुळे आरएनए कापून जोडताना चुकीची जागा निवडली जाते, योग्य आरएनए कमी बनतो आणि थॅलेसेमिया होतो. कागदावरच्या सीक्वेन्समध्ये हे दिसणं शक्य नाही. तेव्हा उत्तर लिहिताना ‘अमिनो अ‍ॅसिड बदलत नाही’ एवढंच लिही, ‘परिणाम शून्य’ लिहू नकोस. मी मुलाखत घेत असतो तर या एका वाक्यावर उमेदवाराला पुढे नेलं असतं.

सरावासाठी पहिलं काम देतो. GAG मध्ये एकच अक्षर बदलायचे नऊ मार्ग आहेत. तक्ता समोर ठेवून नऊही लिही आणि प्रत्येकापुढे अमिनो अ‍ॅसिड मांड. मिसेन्स सात, नॉनसेन्स एक आणि सायलेंट एक यायला हवा. सायलेंट तीन आले, तर ‘तिसरं अक्षर बदललं की सायलेंट’ हे पाठांतर मध्ये आलं असं समज, आणि GAC व GAT पुन्हा तपास: तिथे अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आहे.