अर्ध्यात उठायचं की नाही?

“आई, काल आजोबांबरोबर ‘फँड्री’ लावला होता. पंधरा मिनिटं झाली तरी तो मुलगा नुसता चिमणीच्या मागे फिरतोय, म्हणून मी उठले. आजोबा म्हणाले, ताटात घेतलेलं टाकत नाहीत, तसा लावलेला सिनेमाही अर्धा सोडायचा नाही. मराठी माणसं असंच करतात का? आणि कंटाळवाणी सुरुवात किती वेळ सहन करायची?”

चि. सोनू,

आजोबा तरुणपणी तासगावहून एसटीने सांगलीला सिनेमा बघायला यायचे. महिना-दोन महिन्यांतून एकदा, तेही घरच्यांना सांगून. सिनेमा आवडला नाही म्हणून मध्येच उठलं, तरी परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत स्टँडवर बसूनच राहायचं. अशा माणसाने शेवटपर्यंत बघायची सवय लावून घेतली यात नवल नाही. पण ताटाचं म्हणशील तर तिथे माझं आजोबांशी जमत नाही. ताटातलं अन्न टाकलं तर ते वाया जातं, म्हणून ते संपवायचं. तिकिटाचे पैसे मात्र आत शिरतानाच गेलेले असतात, आणि पुढचा दीड तास बसून ते परत येत नाहीत. तेव्हा विचार करायचा तो फक्त उरलेल्या वेळाचा.

तरीही सुरुवातीला दम धरण्याची आपल्याकडची जी सवय आहे, ती मला फार मोलाची वाटते. तुमच्या सांगलीतच 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं आणि तिथून मराठी नाटक उभं राहिलं. पुढे संगीत नाटकं आली. त्यात पडदा वर गेला की लगेच गोष्ट सुरू व्हायची नाही. आधी नांदी, मग सूत्रधार आणि नटी यांचं बोलणं, मग कुठे मुख्य पात्रं. कीर्तनातही तसंच. आजीबरोबर देवळात जातेस ना? बुवा आधी पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, मध्ये त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग उत्तररंगात आख्यान रंगतं. पूर्वरंगात नीट बसलेल्याला आख्यान जास्त कळतं, कारण त्या अभंगाचाच अर्थ गोष्टीतून उलगडत असतो. संथ सुरुवातीच्या चांगल्या सिनेमातही हेच चाललेलं असतं.

मग किती वेळ द्यायचा? मी चौथा हिस्सा देते. पावणेदोन तासांच्या सिनेमाला साधारण पंचवीस मिनिटं, अडीच तासांच्या सिनेमाला पस्तीस ते चाळीस. बहुतेक सिनेमांत एवढ्या वेळात दोन गोष्टी कळायला हव्यात: ही गोष्ट कुणाची आहे, आणि त्याला काय हवंय जे सहज मिळणार नाही. त्या कळल्या की वेग कितीही कमी असो, सिनेमा चालू झालेला आहे. मात्र ही पंचवीस मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून द्यायची. संथ सिनेमा पुष्कळ गोष्टी बोलून दाखवत नाही. कोण कुणाकडे बघतंय, कोण मान खाली घालतंय, यातून सांगतो. दोनदा खाली बघितलंस की तेवढं निसटतं आणि ‘काहीच घडत नाही’ असं वाटायला लागतं.

आता ‘फँड्री’चंच घे. जब्या गलोल घेऊन रानात काळ्या चिमणीमागे फिरतो. एवढंच दिसतं खरं, पण त्याला ती मिळत नाही, आणि न मिळताही तो सोडत नाही हे तुला कळलेलं असतं. ती चिमणी कशासाठी हवी, ते जरा उशिरा उलगडतं. वर्गात तो शालूकडे बघतो, पण तिच्याशी बोलत नाही. गावातली डुकरं पकडण्याचं काम त्याच्या घराकडे आहे, आणि शालूच्या डोळ्यांसमोर ते करायची वेळ येऊ नये असं त्याला मनापासून वाटतं. म्हणजे मुलगा कोण, त्याला काय हवंय आणि वाटेत काय उभं आहे, हे सगळं तिथे आहे. कुणी ते सरळ तोंडाने सांगत नाही इतकंच. तू पंधराव्या मिनिटाला उठलीस, आणखी दहा मिनिटं बसायला हवं होतंस. शेवट मी सांगणार नाही, पण सुरुवातीला जब्याचा नेम कशावर आहे हे लक्षात ठेव आणि अगदी शेवटी कशावर आहे ते बघ. ती रानातली भटकंती काढून टाकली, तर शेवटाला निम्मंही बळ उरणार नाही.

नुसता रेंगाळणारा सिनेमा यातूनच ओळखता येतो. एखादं दृश्य संपलं की मनाशी विचारायचं: हे नसतं तर मला काय कळलं नसतं? संथ सिनेमात उत्तर सापडतं, अगदी लहान का असेना. रेंगाळणाऱ्यात नवरा-बायकोचं तेच भांडण तिसऱ्यांदा होतं, फक्त या वेळी स्वयंपाकघराऐवजी गाडीत. अशी लागोपाठ तीन दृश्यं गेली आणि चौथा हिस्साही उलटला, तर मी बंद करते.

सुरुवात चांगली आणि पुढे निराशा, हे जास्त अवघड असतं. आपल्याकडचे बरेच सिनेमे मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात. पहिल्या भागात गाठ बसते, मध्यंतराला तिला एक पीळ पडतो आणि दुसऱ्या भागात ती सोडवायची असते. बिघडतं ते बहुधा दुसऱ्या भागात. पात्रं स्वतःच्या स्वभावाप्रमाणे वागायचं सोडतात, आणि लेखकाला जिथे न्यायचंय तिथे मुकाट जातात. पहिल्या भागात हिशेबाने एकेक पाऊल टाकणारी बाई अचानक अनोळखी माणसाच्या कागदावर न वाचता सही करते, कारण तिला फसवल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. असं एकदा झालं तर मी चालवून घेते. पुन्हा झालं की पुढच्या कुठल्याही संकटाची मला काळजी वाटत नाही, आणि काळजीच संपली तर बसायचं कशासाठी?

म्हणून मध्यंतराचा उपयोग करून घे. बाहेर पाय मोकळे करताना एवढंच बघायचं, की पुढे काय होतं ते कळलं नाही तर उद्या चुटपुट लागेल का. लागणार असेल तर आत जा. इकडे परदेशात मी जाते त्या थिएटरात मध्यंतर नसतं. आपला सिनेमा लागला तर ‘मध्यंतर’ अशी पाटी येते आणि चित्र तसंच पुढे सरकतं, तेव्हा मी तो विचार खुर्चीतच करते.

रहस्यकथेला मात्र माझा हा नियम लावू नकोस. तिथे आधी विचित्र वाटलेलं वागणं शेवटच्या पंधरा मिनिटांत बरोबर ठरू शकतं, म्हणून ती मी पुरी बघते. उलट एखाद्या सिनेमातली मारहाण किंवा क्रूरपणा तुला सहन होत नसेल, तर चौथ्या हिश्शाचीही वाट बघायची नाही. उठायचं, आजोबा काहीही म्हणोत. ‘फँड्री’तही पुढे लोक त्या घराला फार हिणवतात. तेव्हा तो एकटीने न बघता आजोबा शेजारी असताना बघ, आणि जिथे सोडलास तिथून नको, पहिल्यापासून लाव.

घरात सगळ्यांनी मिळून सिनेमा लावला असेल तर न सांगता निघून जाऊ नकोस, बाकीच्यांचाही विरस होतो. बसायच्या आधीच आजोबांना सांग, ‘मध्यंतरापर्यंत नक्की बसेन, पुढचं तेव्हा ठरवू.’ ते ऐकतील. नाही ऐकलं तर रविवारी फोनवर मी बोलते.

तुझी,
आई