तोटा पुढे ओढतात, मग मागे काय करतात?

«अंबडला आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. जर्मनीतल्या ग्राहक कंपनीने कळवलंय, की यंदाच्या तोट्यावर त्यांनी ‘लॉस कॅरी-बॅक’ मागितलाय आणि तो परतावा आला की आमचं बिल चुकतं करतील. आमचे सीए ‘कॅरी-फॉरवर्ड’ला ‘तोटा पुढे ओढणे’ म्हणतात. मग ह्याला ‘तोटा मागे ओढणे’ म्हणायचं का? आणि एकदा घेतलेला कर सरकार परत का देतं?»

‘मागे ओढणे’ म्हणू नका. मराठीत मागे ओढणारा माणूस म्हणजे पाय ओढणारा, आणि ‘तोट्याने कंपनीला मागे ओढलं’ ह्याचा अर्थ अगदीच वेगळा होतो. ‘तोटा मागच्या नफ्यात वळता करणे’ असं लिहा. हे मी सुचवतोय त्याला कारण आहे, आणि ते कारण समजलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं.

तुमच्या सीएंचं ‘ओढणे’ वहीतून आलंय आणि ते अस्सल आहे. पान भरलं की खालची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहायची, साल संपलं की शिल्लक नव्या वहीत न्यायची. ह्याला ‘बाकी पुढे ओढणे’ म्हणतात. सराफ बाजारातल्या पेढ्यांवर लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाते, तेव्हा जुन्या वहीतून एवढीच एक गोष्ट तिच्यात येते. वहीला दिशा एकच असते. तोटा पुढे ओढला, तर मागच्या पानावरचा एक आकडाही बदलत नाही. आज झालेला तोटा नुसता नोंदून ठेवायचा आणि उद्या नफा झाला की त्यातून वजा करायचा. (काही जण ‘तोटा पुढे ढकलणे’ लिहितात. ते चूक आहे. ढकलतात ती परीक्षा किंवा लग्नाची तारीख. तोटा तर होऊन गेलेला असतो.)

कॅरी-बॅकमध्ये मात्र बंद केलेलं पान पुन्हा उघडावं लागतं. गेल्या वर्षीचा नफा ठरला होता, त्यावरचा कर भरून झाला होता. आता यंदाचा तोटा त्या नफ्यातून वजा करायचा, गेल्या वर्षीचा कर नव्याने काढायचा आणि जास्तीचा भरला गेलेला परत मागायचा. इथे तोटा कुठे प्रवास करत नाही, जुना हिशेब बदलतो. ह्या कामाला मराठीत चांगलं क्रियापद आधीच आहे. पगारातून उचल वळती करून घेतात, बिलातून आगाऊ रक्कम वळती करतात. एका बाजूचं देणं दुसऱ्या बाजूच्या येण्यात जिरवणं म्हणजे वळतं करणं. म्हणून ‘मागच्या नफ्यात वळता करणे’. सरकारी मजकुरात नाम हवंच असेल तर ‘तोट्याची मागील वर्षात वजावट’ चालेल.

नुसता ‘मागील तोटा’ हा शब्द मात्र टाळा. त्यातून ‘आधीच्या वर्षी झालेला तोटा’ हाच अर्थ लागतो, आणि तो तर पुढे ओढायचा असतो!

आता आकडे घेऊ. समजा अंबडच्याच एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला पहिल्या वर्षी 60 लाखांचा नफा झाला. दुसऱ्या वर्षी मोठ्या ग्राहकाने ऑर्डर थांबवली आणि 80 लाखांचा तोटा झाला. पुढच्या तीन वर्षांत अनुक्रमे 20, 30 आणि 30 लाख नफा झाला. हिशेब सोपा राहावा म्हणून कराचा दर 25 टक्के धरू. पाच वर्षांचा निव्वळ नफा 60 लाख, म्हणजे न्यायाने कर 15 लाख.

आपल्याकडे धंद्यातला तोटा फक्त पुढे ओढता येतो. पहिल्या वर्षी 15 लाख कर गेला. दुसऱ्या वर्षी कर नाही, पण परतही काही मिळालं नाही. पुढच्या तिन्ही वर्षांचा नफा 80 लाखांच्या तोट्याने खाल्ला, म्हणून कर शून्य. एकूण 15 लाख.

आता समजा एक वर्ष मागे वळता करण्याची मुभा आहे. 80 पैकी 60 लाख पहिल्या वर्षाच्या नफ्यात वळते झाले आणि त्या वर्षीचे 15 लाख परत आले. उरलेले 20 लाख पुढे ओढले, त्यात तिसऱ्या वर्षाचा नफा जिरला. चौथ्या आणि पाचव्या वर्षी साडेसात-साडेसात लाख कर. एकूण पुन्हा 15 लाखच.

एकूण कर तेवढाच. फरक पडतो तो पैसा हातात कधी येतो ह्यात. पहिल्या रीतीने तोट्याचा फायदा तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी 5, साडेसात आणि साडेसात लाख असा येतो. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर 10 टक्के व्याज धरलं, तर ह्या 20 लाखांची तोट्याच्या वर्षातली किंमत साधारण 16 लाख 40 हजार होते. दुसऱ्या रीतीने 15 लाख लगेच आणि 5 लाख वर्षाने, म्हणजे जवळपास साडेएकोणीस लाख. तीन लाखांहून थोडा जास्त फरक. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा मुद्दा: कंपनी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलीच नाही तर? मग पुढे ओढलेला तोटा वजा करायला नफाच उरत नाही आणि 20 लाखांचा फायदा कागदावरच संपतो. मागे वळता करता आला असता तर 15 लाख निदान कामगारांच्या पगाराला आले असते.

तोट्याचा कर परत देणारे देश जे कारण देतात ते हेच. नफ्यात सरकार चौथाईचं भागीदार असतं, मग तोट्यात अंग काढून घेणारा भागीदार कसला? कर वर्षावर्षाने कापतात ती हिशेबाची सोय आहे. धंदा काही 31 मार्चला थांबून पुन्हा सुरू होत नाही. दरवर्षी 10 लाख कमावणारा आणि एका वर्षी 60 कमावून दुसऱ्या वर्षी 40 गमावणारा, दोघांची दोन वर्षांची कमाई 20 लाखच. मागे-पुढे काहीच वळतं करू दिलं नाही, तर दुसऱ्याला तिप्पट कर पडतो. शिवाय मंदीत परतावा आपोआप वाढतो. त्यासाठी नवी योजना आखावी लागत नाही. अमेरिकेने 2017 च्या कायद्याने ही मुभा बहुतेकांसाठी काढून टाकली होती. पण मार्च 2020 मध्ये करोनाच्या काळात 2018, 2019 आणि 2020 चे तोटे पाच-पाच वर्षं मागे वळते करू दिले. त्यात एक गोष्ट घडली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2018 पासून तिथला कंपनी कर 35 वरून 21 टक्क्यांवर आला होता. त्यामुळे 2020 चा तोटा 2015 च्या नफ्यात वळता केला की परतावा 35 टक्के दराने मिळे. तोच पुढे ओढला असता तर 21 टक्केच वाचले असते. दर उतरता असताना मागे जाणं सरकारला महाग पडतं.

म्हणूनच सगळे देश मर्यादा घालतात. कॅनडात तीन वर्षं मागे जाता येतं, ब्रिटनमध्ये साधारणपणे बारा महिने, सिंगापूरमध्ये एकच वर्ष आणि तेही एक लाख सिंगापूर डॉलरपर्यंत. जुनं वर्ष उघडायचं म्हणजे करखात्याला तेही वर्ष पुन्हा तपासावं लागतं, आणि नेमक्या तंगीच्या साली तिजोरीतून पैसा जातो. आणखी एक उणीव आहे, ती मला खटकते. आधी नफा आणि कर झालेलाच नसेल तर परत मागणार काय? नवा कारखाना पहिली तीन वर्षं तोट्यात असेल तर त्याला ह्या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही. परतावा मिळतो तो भरलेल्या करापुरताच, म्हणून त्याला अनुदान म्हणू नये.

‘परतावा’ शब्दाचीही नाशकात फार ओढाताण होते. ‘आयकर परतावा भरला’ असं चांगले शिकलेले लोक बोलतात. भरतात ते विवरणपत्र. परतावा सरकारकडून येतो. तुमच्या पत्रात हा घोळ झाला तर जर्मन कंपनी कर भरणार आहे की तिला कर मिळणार आहे, हेच कळणार नाही.

विवरणपत्रावरून एक आठवलं. सातपूरला मी हिशेब पाहत असताना तोट्याच्या वर्षी मालक म्हणाले, कर तर नाहीच, मग विवरणपत्राची घाई कशाला? ते मुदतीनंतर भरलं गेलं आणि धंद्याचा तोटा पुढे ओढण्याचा हक्क गेला. यंत्रांचा न वजा झालेला घसारा तेवढा वाचला, कारण त्याला ही अट नाही आणि आठ वर्षांची मर्यादाही नाही. धंद्याच्या तोट्याला दोन्ही आहेत. वेळेत भरलं तर आठ वर्षं, आणि वजावट फक्त धंद्याच्याच नफ्यातून. तुमचं यंदाचं साल तोट्याचं असेल तर आधी तारीख बघा.

आता तुमचा जर्मन ग्राहक. तिथला शब्द ‘फरलुस्ट-र्‍युकट्राग’, म्हणजे अक्षरशः ‘तोटा-मागे-वाहणे’. पुढे ओढण्याला ‘फोरट्राग’. 2022 पासून तिथे दोन वर्षं मागे जाता येतं, आधी लगतच्या वर्षात आणि उरलं तर त्याच्या आदल्या वर्षात. करोनाच्या काळात वाढवलेली एक कोटी युरोची मर्यादा 2024 पासून पुन्हा दहा लाख युरोवर आली. पण महत्त्वाची गोष्ट ही, की जर्मन कंपनी दोन मोठे कर भरते: केंद्राचा 15 टक्के कंपनी कर (त्यावर थोडा अधिभार) आणि नगरपालिकेचा व्यवसाय कर, जो बऱ्याच ठिकाणी जवळपास तेवढाच असतो. मागे वळतं करण्याची मुभा पहिल्यालाच आहे. व्यवसाय करात तोटा फक्त पुढे जातो. म्हणजे त्यांनी गेल्या वर्षी एकूण जेवढा कर भरला, त्याच्या साधारण निम्म्याचाच परतावा धरा. तुमचं बिल त्यात बसतं का हे विचारायचं असेल, तर ‘मागितलेला परतावा केवळ कंपनी कराचा आहे ना, आणि रक्कम किती?’ एवढंच विचारा.

पत्राच्या मराठी प्रतीत हे वाक्य टाका: ‘ग्राहक कंपनीने चालू वर्षाचा तोटा मागील वर्षांच्या नफ्यात वळता करून, त्या वर्षी भरलेल्या कराचा परतावा मागितला आहे; तो मिळाल्यावर आमचे देयक चुकते होईल.’